नऊला वगळले की बेरीज आटोपते

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. नवाने संपणाऱ्या संख्येला मराठीत सहसा स्वतःचे नाव मिळत नाही. पुढच्या दशकाला एक उणा, एवढीच तिची ओळख. एखाद्याने ठरवले की मोजताना ज्या संख्येत नऊ दिसेल ती गाळायची, तर ९९ पर्यंत त्याला काय काय सोडावे लागेल? एकटा ९, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे आठ ‘एकोण’, आणि नव्वदपासून नव्याण्णवपर्यंतची दहा जणांची अख्खी रांग. एकूण १९ संख्या गेल्या, ८० उरल्या. फार मोठे नुकसान झाले असे वाटत नाही.

आता या उरलेल्या संख्यांना छेदात बसवून बेरीज करायला घेऊ: १ + १/२ + १/३ असे करत १/८ पर्यंत, मग १/९ गाळून १/१०, पुढे १/१८ नंतर थेट १/२०, आणि असेच अनंतापर्यंत. काहीही न गाळता केलेली बेरीज, म्हणजे हरात्मक श्रेढी, कोणतीही मर्यादा ओलांडून जाते, हे चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी दाखवले होते. पण नऊवाले छेद गाळले की ही बेरीज २३ च्या आतच थांबते. ऑब्री केम्पनर यांनी १९१४ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या मासिकात ही गोष्ट मांडली, आणि तेव्हापासून ही श्रेढी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हे पटवून घ्यायला कलनशास्त्राची गरज नाही. संख्या अंकांच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत बांधायच्या, प्रत्येक गठ्ठ्यात किती संख्या आहेत ते मोजायचे आणि गठ्ठ्याची बेरीज जास्तीत जास्त किती होईल ते ठरवायचे, एवढेच काम आहे.

आधी न गाळलेली श्रेढी

तीच पद्धत आधी मूळ हरात्मक श्रेढीवर चालवून पाहिली, तर पुढचा फरक उठून दिसतो. पहिल्या गठ्ठ्यात एक अंकी संख्या, १ ते ९. दुसऱ्यात दोन अंकी, १० ते ९९, म्हणजे ९०. तिसऱ्यात तीन अंकी, ९००. गठ्ठा दर वेळी बरोबर दसपट होतो.

दोन अंकी गठ्ठ्यातली प्रत्येक संख्या १०० पेक्षा लहान आहे, म्हणून तिचा व्यस्त १/१०० पेक्षा मोठा. असे ९० व्यस्त मिळून निदान ९०/१००, म्हणजे ०.९ भरतात. तीन अंकी गठ्ठ्यात ९०० व्यस्त आहेत आणि प्रत्येक १/१००० पेक्षा मोठा. पुन्हा निदान ०.९. चार अंकी गठ्ठ्यातही तेच. संख्या दसपट वाढतात, प्रत्येकीचे वजन दहाव्या हिश्श्यावर येते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत फेडतात. प्रत्येक गठ्ठा निदान ०.९ आणून ओततो आणि गठ्ठे कधी संपत नाहीत. त्यामुळे हजार ओलांडायचे असोत की कोटी, पुरेसे गठ्ठे घेतले की बेरीज तिथे पोहोचते. अशा श्रेढीला अपसारी म्हणतात.

या समतोलात थोडासा जरी बिघाड झाला, म्हणजे संख्या दसपटीऐवजी नऊपट वाढू लागल्या, तर? नऊ गाळल्यावर नेमके हेच घडते.

रकाने भरून मोजणी

दोन अंकी संख्या म्हणजे दोन रिकामे रकाने. पहिल्या रकान्यात, म्हणजे दशकस्थानी, शून्य चालत नाही, नाहीतर संख्या दोन अंकी राहणारच नाही. नऊही चालत नाही. उरले १ ते ८, म्हणजे आठ पर्याय. एककस्थानी शून्य चालते, नऊ तेवढा नाही. ० ते ८, म्हणजे नऊ पर्याय. आठ नव्वे बहात्तर. पहिल्या परिच्छेदात ८० संख्या उरल्या होत्या, त्यांतल्या एक अंकी आठ वजा केल्या तरी ७२ च येतात; ताळा जुळला.

तीन अंकी संख्येसाठी आणखी एक रकाना येतो आणि त्यातही नऊ पर्याय: ८ × ९ × ९ = ६४८. चार अंकींसाठी ५,८३२. प्रत्येक वाढीव रकाना मोजणीला नवाने गुणतो.

इथे नवख्यांकडून होणारी चूक ठरलेली आहे. पहिल्या रकान्यातही नऊ पर्याय धरले की दोन अंकी संख्या ८१ येतात. त्यांत ००, ०१ पासून ०८ पर्यंतचे नऊ पाहुणे घुसलेले असतात. या चुकीने निष्कर्ष बदलत नाही, पण पुढचे आकडे बिघडतात. चूक पकडायची सोपी रीत म्हणजे ९९ पर्यंतच्या संख्या एकदा हाताने मोजून पाहणे.

ऐंशीची भिंत

आता प्रत्येक गठ्ठ्याची वरची मर्यादा. एक अंकी गठ्ठ्यात आठ संख्या आहेत आणि कोणाचाही व्यस्त १ पेक्षा मोठा नाही, म्हणून बेरीज ८ च्या वर जाणार नाही. दोन अंकी गठ्ठ्यात ७२ संख्या. सर्वांत लहान १०, म्हणून कोणाचाही व्यस्त १/१० पेक्षा मोठा नाही आणि बेरीज ७.२ च्या आत. तीन अंकी गठ्ठ्यात ६४८ संख्या, प्रत्येकीचा व्यस्त फार तर १/१००, म्हणून बेरीज ६.४८ च्या आत.

८, ७.२, ६.४८, ५.८३२… प्रत्येक पद आधीच्या पदाच्या नऊ दशांश. ही भूमिती श्रेढी आहे आणि तिची बेरीज शाळेतल्या युक्तीने निघते. एकूण बेरीज ‘ब’ मानू. पहिले पद ८ बाजूला काढले, तर उरलेली सगळी पदे म्हणजे मूळ पदांचे नऊ दशांशच. म्हणून ब = ८ + ०.९ब. दोन्हीकडून ०.९ब वजा केले की ०.१ब = ८, आणि ब = ८०.

(ही युक्ती वापरताना ‘ब’ सांत आहे हे आधी माहीत असावे लागते. ज्याला शंका असेल त्याने पहिली काहीच पदे घ्यावीत. अकरा पदे घेतली, तर त्यांची बेरीज ८०(१ − ०.९¹¹) येते, आणि कितीही पदे घेतली तरी कंसातली किंमत १ च्या खालीच राहते.)

सिद्धता इथे पुरी झाली. सगळी पदे धन आहेत, म्हणून बेरीज सतत वाढते. आणि ८० ची भिंत ती कधी ओलांडत नाही. सतत वाढणारी आणि मर्यादेत राहणारी बेरीज कुठल्या तरी एका संख्येजवळ स्थिरावतेच. अशी श्रेढी अभिसारी.

दहावा हिस्साच तर काढला होता

सिद्धता पटूनही मन कुरकुरते. दहा अंकांतला एक अंक काढला, म्हणजे संख्याही ढोबळमानाने दहावा हिस्सा गेल्या असणार. अनंतातून दहावा हिस्सा काढला तर अनंतच उरायला हवे.

गोंधळ आहे तो ‘दहावा हिस्सा’ या शब्दांत. नवाला दहातला एक वाटा मिळतो तो प्रत्येक रकान्यात. संख्या जितकी लांब, तितके रकाने जास्त, आणि प्रत्येक रकान्यात नवाला टाळावे लागते. हजारापर्यंत २७१ संख्यांत नऊ आहे. दहा लाखांपर्यंत ही संख्या ४,६८,५५९ होते, जवळजवळ निम्मी. एक कोटीपर्यंत पोहोचेतो नऊवाल्या संख्या बहुमतात आलेल्या असतात: ५२,१७,०३१.

मोबाइल क्रमांकाइतक्या लांबीच्या, म्हणजे दहा अंकी संख्या एकूण ९०० कोटी. त्यांत नऊ नसलेल्या फक्त ३१० कोटींच्या आसपास, म्हणजे साधारण तीनांत एक. शंभर अंकी संख्यांपर्यंत गेले, तर नऊ नसलेली संख्या साधारण ३८ हजारांत एक भेटते. दूरच्या प्रदेशात नऊ असणे हाच नियम आहे आणि नसणे हा अपवाद. सुरुवातीला किरकोळ वाटलेली गाळणी पुढे जवळजवळ सगळेच गाळून टाकते. आपली रोजची ओळख लहान संख्यांशी असते, म्हणून हे ध्यानात येत नाही.

भिंत जवळ आणायची कशी

८० ही मर्यादा ढिली आहे. ८८ चा व्यस्तही १/१० धरला, तर असेच होणार. थोडा नेटका हिशेब केला, की साध्या गणकयंत्रावरही खऱ्या उत्तराच्या अगदी शेजारी जाता येते.

त्यासाठी प्रत्येक संख्येची ‘मुले’ पाहायची. ७ च्या मागे ० ते ८ यांपैकी एकेक अंक लावला की ७०, ७१, … ७८ अशी नऊ मुले होतात. नऊ नसलेली प्रत्येक दोन अंकी संख्या अशाच एका, आणि एकाच, एक अंकी संख्येचे मूल असते. ७ च्या नऊ मुलांपैकी कोणाचाही व्यस्त १/७० पेक्षा मोठा नाही, म्हणून नऊ व्यस्तांची बेरीज ९/७० च्या आत, म्हणजे १/७ च्या नऊ दशांशांच्या आत. (प्रत्यक्षात ती ०.१२१८ भरते आणि मर्यादा ०.१२८६ आहे.) हेच प्रत्येक संख्येला लागू. थोडक्यात, कुठल्याही पिढीची बेरीज आधीच्या पिढीच्या बेरजेच्या नऊ दशांशांपेक्षा जास्त होत नाही.

मग शेवटच्या मोजलेल्या गठ्ठ्याची बेरीज ‘ग’ असेल, तर त्यापुढच्या सगळ्या गठ्ठ्यांची मिळून बेरीज ०.९ग + ०.८१ग + ०.७२९ग + …, म्हणजे ९ग च्या आत राहते.

एक अंकी गठ्ठा: १ + १/२ + … + १/८ = २.७१७९. पुढचे सगळे नऊपटीच्या आत, म्हणून एकूण २७.१८ च्या आत. एकाच पायरीत भिंत ८० वरून २७ वर आली.

दोन अंकी गठ्ठ्याची बेरीज २.०५४० येते. दोन्ही मिळून ४.७७१८, त्यात २.०५४० ची नऊपट मिळवली की मर्यादा २३.२६.

तीन अंकी गठ्ठ्यातले ६४८ व्यस्त मिळून १.८१८ भरतात. आतापर्यंतची बेरीज ६.५९, आणि मर्यादा २२.९५.

संगणक हाताशी असेल तर पुढचे काम पाच ओळींचे आहे:

```python
S = 0.0
for k in range(1, 8):
    t = sum(1/n for n in range(10**(k-1), 10**k) if '9' not in str(n))
    S += t
    print(k, round(t, 3), round(S, 3), round(S + 9*t, 2))
```

छापलेल्या ओळीत अनुक्रमे अंकांची लांबी, त्या गठ्ठ्याची बेरीज, तिथपर्यंतची एकूण बेरीज आणि मर्यादा दिसते. चौथ्या ओळीपासून शेवटचा रकाना २२.९२ वर येऊन स्थिर होतो. श्रेढीची खरी बेरीज २२.९२०६७ पासून पुढे अशी आहे.

नुसती बेरीज करत बसले तर

याच आज्ञावलीने छापलेला तिसरा रकाना नीट पाहण्यासारखा आहे. एक कोटीपर्यंतचे सगळे नऊ नसलेले छेद घेऊनही बेरीज १२.२ च्या आसपासच असते. खऱ्या उत्तराचे जवळजवळ अर्धे अजून यायचे आहे. पुढचा, आठ अंकी गठ्ठा घेतला, तर ३ कोटी ८२ लाखांहून जास्त पदे मिळवावी लागतात आणि बेरीज वाढते जेमतेम १.०७ ने. त्यापुढे प्रत्येक गठ्ठ्यात काम नऊपट आणि मिळकत नऊ दशांश. छेद २८ अंकांपर्यंत नेले, तरी बेरीज उत्तरापासून एकाहून जास्त अंतरावरच असते, आणि तोवर मिळवलेल्या पदांची संख्या २७ अंकी झालेली असते. कुठलाही संगणक ही वाट पदापदाने चालू शकत नाही.

म्हणूनच इथे नुसत्या बेरजेकडे बघून निर्णय घेणारा फसतो. एक कोटीपर्यंत मूळ हरात्मक श्रेढीची बेरीज १६.७ झालेली असते आणि केम्पनर यांच्या श्रेढीची १२.२. दोन्ही हळूहळू वाढताना दिसतात. त्यांतली एक २३ च्या आत थांबणार आणि दुसरी कधीच नाही, हे त्या दोन आकड्यांवरून ओळखता येत नाही.

ओळखायचे ते गठ्ठ्यांवरून. न गाळलेल्या श्रेढीत चार-पाच अंकांनंतर प्रत्येक गठ्ठा २.३० च्या आसपासच भरत राहतो. लागोपाठच्या गठ्ठ्यांचे गुणोत्तर १ कडे जाते. नऊ गाळलेल्या श्रेढीत गठ्ठे २.७२, २.०५, १.८२, १.६३, १.४७ असे उतरतात आणि गुणोत्तर ०.९ कडे जाते. गुणोत्तर १ पेक्षा कमी असलेल्या एखाद्या संख्येखाली कायम राहिले, की बेरीज बांधली गेली.

अचूक उत्तर काढण्याची व्यवहार्य रीतही याच पिढ्यांच्या हिशेबातून निघते: एका गठ्ठ्याच्या बेरजांवरून पुढच्या गठ्ठ्याची बेरीज काढायची, प्रत्येक पद न लिहिता. रॉबर्ट बेली यांनी १९७९ मध्ये अशा पद्धतीने दहाही अंकांसाठीच्या बेरजा वीस दशांश स्थळांपर्यंत काढल्या.

गाळणी बदलली तर

दहाही अंकांसाठी, कारण युक्तिवादात नवाचे खास काही नाही. ९ ऐवजी १ गाळला तरी पहिल्या रकान्यात आठ, पुढे नऊ-नऊ पर्याय. मात्र १, १/१० ते १/१९ ही वजनदार पदे जातात, म्हणून बेरीज १६.१८ वर येते. शून्य गाळला तर पहिल्या रकान्यातही नऊ पर्याय मिळतात, कारण तिथे शून्य असेही चालत नव्हतेच. पहिली ढिली भिंत ८० ऐवजी ९० होते आणि खरी बेरीज २३.१० येते, दहा बेरजांतली सर्वांत मोठी.

पण कोणतीही गाळणी चालते असे नाही. फक्त नवाने संपणाऱ्या संख्या, म्हणजे ९, १९, २९, १०९ वगैरे, गाळल्या तर? दोन अंकींत ८१ उरतात, तीन अंकींत ८१०, चार अंकींत ८,१००. गठ्ठा पुन्हा दसपटच वाढतो आहे. प्रत्येक गठ्ठा निदान ०.८१ देतो आणि बेरीज अपसारीच राहते. एकाच रकान्यावर पहारा बसवला तर दहावा हिस्सा एकदाच कापला जातो. प्रत्येक रकान्यावर बसवला तरच कपात गुणत जाते. नवी गाळणी समोर आली, की एवढेच तपासायचे: एक अंक वाढला की गठ्ठा दसपट होतो, की दहापेक्षा कमी असलेल्या एखाद्या ठरावीक पटीतच वाढतो?

या कसोटीतून एकाऐवजी अंकांचा अख्खा गटही जातो. ज्या संख्येत ३१४१५९ हे सहा अंक याच क्रमाने सलग येतात, तेवढ्याच संख्या गाळल्या तर सहा अंकी गठ्ठ्यातून फक्त एक संख्या जाते. तरीही लांबच लांब संख्येत हा गट कुठे ना कुठे येण्याची शक्यता वाढत जाते, आणि गठ्ठे दहापेक्षा किंचित कमी पटीने वाढतात. टॉमस श्मेल्झर आणि बेली यांनी ही बेरीजही काढली आहे: सुमारे २३,०२,५८२.३३. प्रचंड, पण सांत.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष फुकट हाती येतो. सर्व मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज अपसारी आहे, हे ऑयलर यांनी १७३७ मध्ये दाखवले होते. नऊ नसलेल्या सगळ्या संख्यांच्या व्यस्तांची बेरीज मात्र २३ च्या आत, म्हणून त्यांतल्या मूळसंख्यांचा वाटाही २३ च्या आत. मग ऑयलर यांच्या बेरजेला मर्यादा ओलांडायला लावतात त्या नऊ असलेल्या मूळसंख्या: १९, २९, ५९, ७९, ८९, ९७, १०९ आणि पुढच्या. त्या अनंत असल्याच पाहिजेत, कारण मोजक्या असत्या तर त्यांची बेरीज सांत राहिली असती. आणि तोच हिशेब ३१४१५९ साठी केला, तर हे सहा अंक पोटात घेऊन फिरणाऱ्या मूळसंख्याही अनंत निघतात.